नोटिशीतलं शेवटचं वाक्य

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस जिन्याखालच्या फलकावर लागते. आपण तारीख पाहतो, विषयांवरून नजर फिरवतो आणि निघतो. तळाशी एक वाक्य असतं: ‘कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला कोरमची आवश्यकता राहणार नाही.’ माझ्या मते सगळ्या नोटिशीत आधी वाचावं ते हेच.

कोरम म्हणजे गणपूर्ती. सभा कायदेशीर ठरायला किमान जितके सभासद हजर हवेत, तो आकडा. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेसाठी एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरतात. १८ सभासदांच्या इमारतीत १२ जण लागतात. ३० सभासद असले की दोन तृतीयांश बरोबर २० होतात, आणि त्यापुढे आकडा वाढतच नाही. २०० घरांच्या संकुलातही २० पुरतात. इथे मोजायचे ते सभासद, खुर्च्यांवरची माणसं नव्हेत. भाडेकरू यात येत नाही, आणि एका सदनिकेतून नवरा-बायको दोघं आले तरी सभासद एकच.

आता ४० सदनिकांची एक सोसायटी धरू. सभा सकाळी १० ला, विषयपत्रिकेवर बाहेरून रंगकाम आणि त्यासाठीची वर्गणी. साडेदहापर्यंत नऊच जण आले. गणपूर्ती नाही, म्हणून अध्यक्ष सभा तहकूब करतात. नोटिशीत ते शेवटचं वाक्य असेल, तर थोड्या वेळाने तेच नऊ जण पुन्हा बसतात, आणि त्यांच्यातल्या पाचांनी हात वर केले की वर्गणी चाळीसही घरांना लागू होते. घरी राहिलेल्या एकतीस जणांना ‘कोरम नव्हता’ ही तक्रार करता येत नाही. वाक्य नसेल, तर सभा त्याच दिवशी उरकता येत नाही. ती ७ ते ३० दिवसांच्या आतल्या तारखेला घ्यावी लागते.

या नऊ जणांनाही एक मर्यादा आहे. तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात. रंगकामाच्या जोडीला ऐन वेळी पार्किंगचे नवे दर मंजूर केले, तर त्या ठरावावर हरकत घेता येते. म्हणून इतिवृत्त हाती आलं की सभा किती वाजता सुरू झाली, किती वाजता तहकूब झाली आणि पुन्हा कधी भरली, हे तिन्ही लिहिलंय का ते बघा. ते हजेरीपुस्तकाशी ताडून पाहा. सभेनंतर दारोदार फिरून गोळा केलेल्या सह्या ही हजेरी नव्हे.

पुनर्विकासाची सभा मात्र वेगळी. तिथे २० चा आधार नाही, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश हजेरी लागते. त्याच ४० घरांतून २७ जण यावे लागतात, आणि अर्ध्या तासाची पळवाट तिथे चालत नाही.