सर्वांत शक्तिशाली कसोटी: काय सांगते, काय सांगत नाही

जेर्झी नेमन आणि ईगन पिअर्सन यांनी १९३३ साली मांडलेला सिद्धांत संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. त्याचा अर्थ लावताना मात्र नेहमीच्या काही चुका होतात. एकच उदाहरण घेऊन त्या तपासू.

समजा, पाकिटं भरणारं यंत्र नीट लावलेलं असेल तर पाकिटाचं सरासरी वजन ५०० ग्रॅम येतं. कळ एक खाच खाली बसली तर ४९५. तिसरी शक्यता नाही. वजनं नॉर्मल वितरणाची आहेत आणि दोन्ही वेळी प्रमाण विचलन ८ ग्रॅमच. आपण १६ पाकिटं तोलतो. म्हणजे नमुन्याच्या सरासरीची प्रमाण त्रुटी ८ ÷ ४ = २ ग्रॅम. H₀: μ = ५००, H₁: μ = ४९५. यंत्र नीट असताना ते बिघडलंय असं म्हणण्याची चूक ५ टक्क्यांपर्यंतच चालेल, असं ठरवू.

गैरसमज: सीमारेषा ५०० आणि ४९५ यांच्या मधोमध असते.

सीमा ४९७.५ वर ठेवली तर चांगल्या यंत्राला दोष देण्याची शक्यता १०.६ टक्के होते. आपण तर ५ टक्केच मान्य केले होते. नेमन-पिअर्सन यांचा विचार वेगळा आहे. हे ५ टक्के म्हणजे खिशातले मोजके पैसे समजा. प्रत्येक संभाव्य नमुन्याची किंमत म्हणजे H₀ खरं असताना तो येण्याची शक्यता, आणि त्यातून मिळणारा मोबदला म्हणजे H₁ खरं असताना तो येण्याची शक्यता. दर रुपयामागे सर्वाधिक मोबदला देणारे नमुने आधी घ्यायचे आणि पैसे संपले की थांबायचं. मोबदला भागिले किंमत, हेच लाइकलीहूड गुणोत्तर.

आपल्या उदाहरणात घातांक सोडवला की हे गुणोत्तर e^(−१.२५(x̄ − ४९७.५)) एवढंच उरतं. x̄ जितका कमी, तितकं गुणोत्तर मोठं. म्हणून नकार-क्षेत्र ‘x̄ < c’ याच रूपाचं असणार. आता c काढायला फक्त H₀ पुरे: c = ५०० − १.६४५ × २ = ४९६.७१. सरासरी याहून कमी आली तर यंत्र थांबवायचं.

या हिशेबात ४९५ कुठेच आलं नाही, हे नीट पाहा. पर्यायी सरासरी ४९७ असती तरी नकार-क्षेत्र हेच राहिलं असतं. ४९५ लागतं ते शक्ती मोजायला. μ = ४९५ असताना x̄ ४९६.७१ च्या खाली येण्याची शक्यता Φ(१.७१ ÷ २), म्हणजे सुमारे ०.८० येते. बिघाड पाचांपैकी चार वेळा सापडतो.

गैरसमज: ‘सर्वांत शक्तिशाली’ म्हणजे भरपूर शक्तिशाली.

पर्याय ४९७ चा असेल तर हीच कसोटी, तेवढीच सर्वांत शक्तिशाली असूनही, बिघाड फक्त ४४ टक्के वेळा पकडते. १६ पाकिटं आणि ५ टक्के एवढ्या सामग्रीत याहून चांगलं कुणालाच जमणार नाही, एवढीच सिद्धांताची हमी आहे. सवयीने दोन्ही बाजूंना सीमा घातली तर मात्र हातचं जातं. तेव्हा खालची सीमा ४९६.०८ होते आणि ४९५ च्या विरुद्धची शक्ती ०.८० वरून ०.७१ वर येते. जास्त वजनाच्या बाजूला खर्च केलेले अडीच टक्के वाया गेले, कारण तिथे पर्यायच नव्हता.

गैरसमज: H₀ नाकारलं म्हणजे पुरावा H₁ च्या बाजूने आहे.

हा गैरसमज सर्वांत घातक, आणि तो मोठ्या नमुन्यात उघडा पडतो. १६ ऐवजी १०० पाकिटं घ्या. प्रमाण त्रुटी ०.८, सीमा ४९८.६८. आता सरासरी ४९८.५ आली. कसोटी म्हणते, H₀ नाकारा. पण ४९८.५ हे ५०० पासून दीड ग्रॅमवर आहे आणि ४९५ पासून साडेतीन. लाइकलीहूड काढून पाहिलं तर ते ५०० च्या बाजूने २,४०० पटींहून जास्त भरतं. या दोनच शक्यता असतील तर यंत्र नीट असण्याकडेच पुरावा झुकतो, आणि आपण मात्र ते बिघडलंय असं ठरवतो.

सिद्धांत इथे चुकलेला नाही. १०० पाकिटांना शक्ती जवळजवळ १ झाली, तरी आपण पहिल्या प्रकारच्या चुकीला ५ टक्के देतच राहिलो, हा दोष आपल्या निवडीचा. याच १०० पाकिटांसाठी सीमा ४९७.५ ठेवली तर दोन्ही प्रकारच्या चुका प्रत्येकी हजारात एकाहून कमी होतात, आणि तीही आपल्या पातळीची सर्वांत शक्तिशाली कसोटीच असते. म्हणून नमुना वाढवाल तेव्हा ५ टक्क्यांचा आकडाही पुन्हा ठरवा.