सूर्यास्ताआधीची टोमॅटो चटणी

डिसेंबरात सोलापूरचा सूर्य सहा वाजण्याच्या आधीच मावळतो. महिन्याच्या सुरुवातीस तर ही वेळ पावणेसहाच्या आसपास असते. चाटी गल्लीतील दुकानाच्या गादीवर हिशेब सांभाळणारी, बँकेत बसणारी किंवा शाळेत शिकवणारी जैन गृहिणी साडेचार-पाचला घरी पोहोचली, तर चौविहारापूर्वी तिच्या हाती जेमतेम पाऊण ते सव्वा तास उरतो. सूर्यास्ताच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधीच अन्न आटोपण्याचा नियम ज्या घरी आहे, तिथे तेवढाही नाही. भाकरी सकाळीच थापून कडक केलेली असते, वरण कुकरमध्ये होते. उरते ती तोंडीलावणी, आणि तीच नेमकी वेळ खाते.

म्हणूनच आजकाल झटपट टोमॅटो चटणीचा रील हातोहात पुढे पाठवला जातो. चित्रफीत तीस सेकंदांची असते. तिच्यावरून चटणी करता येत नाही. चटणी होते ती खाली लिहिलेल्या मजकुरावरून. आणि तो मजकूर लिहिताना बहुतेकांचे दोन ठिकाणी चुकते: वेळ खोटी लिहिली जाते आणि साहित्यातील जे वगळायचे ते सांगितलेच जात नाही.

प्रथम वेळेचे पाहू. ‘पाच मिनिटांत चटणी’ हे होणे नाही, कारण टोमॅटोत शेकडा ९४-९५ भाग पाणीच असते आणि ते आटल्याशिवाय चटणीला अंग येत नाही. चार मध्यम टोमॅटो, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम, बारीक चिरून पसरट कढईत मोठ्या आचेवर परतले, तर आठ ते दहा मिनिटे लागतात. मीठ आरंभीच घातले की पाणी लवकर सुटते आणि लवकर आटते. झाकण ठेवले की वाफ परत कढईत उतरते आणि सारी घाई वाया जाते. लांबट, जाड सालीचे टोमॅटो कमी रसाळ असल्याने लवकर आळतात. गोल, गावरान टोमॅटो चवीला सरस, पण त्यांना दोन-तीन मिनिटे अधिक द्यावी लागतात. चिरणे धरून प्रामाणिक वेळ १५ मिनिटे. त्यातही दाण्याचे कूट घरात तयार आहे, हे गृहीत धरलेले आहे. सोलापुरात ते बहुधा असतेच. नसेल तर दाणे भाजून, सोलून, कुटेपर्यंत आणखी दहा मिनिटे गेलीच समजावी.

हे कूट येथे केवळ चवीसाठी नाही. इतरांच्या टोमॅटो चटणीत परतलेला कांदा दाटपणा व गोडवा देतो आणि लसूण झणका देतो. दोन्ही काढून घेतल्यावर जे राहते ते आंबट पाणी. दाटपणाची उणीव भाजल्या दाण्याचे जाडसर कूट भरून काढते, कारण ते उरलेला रस शोषून घेते. गोडव्याचे काम सुपारीएवढा गूळ करतो. आणि झणक्यासाठी तेलात जिरे व हिंग. हिंग तापल्या तेलात क्षणभर फुलला की लगेच टोमॅटो टाकावेत, नाहीतर तो जळून कडवट होतो. लाल तिखट मात्र तेलात घालू नये, टोमॅटोला पाणी सुटल्यावर घालावे. म्हणजे रंग टिकतो आणि घरभर ठसका उठत नाही.

कूट कधी घालावे, येथेच पुष्कळदा फसगत होते. टोमॅटो पाणीदार असतानाच ते घातले तर ते तळाशी बसून करपते आणि टोमॅटोचा कच्चा वास आतच कोंडतो. ओळखायची खूण सोपी आहे: चमचा कढईच्या मधून ओढला असता पडलेली वाट लगेच बुजली नाही आणि कडेला तेल दिसू लागले, की कूट घालावे. त्यानंतर दोन मिनिटे पुरेत. चटणी निवताना आणखी घट्ट होते, म्हणून ती किंचित सैल असतानाच उतरवावी. कढई स्टीलची किंवा ॲल्युमिनियमवर न चिकटणारा लेप असलेली चालते. लोखंडी कढईत टोमॅटोच्या आंबटपणाने चटणी काळवंडते व धातूची चव लागते, आणि कल्हई उडालेल्या पितळेत तर ती करूच नये.

आता वगळण्याचे. ‘कांदा-लसूण नाही’ एवढ्याने मजकूर जैन होत नाही. ओल्या आल्याचाही उल्लेख हवा, कारण तिखट चटणीत ते नकळत पडते. दुसरी गोष्ट डाळींची. दाक्षिणात्य पद्धतीच्या टोमॅटो चटणीत फोडणीला उडीद किंवा हरभरा डाळ घालतात. अशी चटणी दह्याबरोबर वाढली की द्विदलाचा प्रश्न उभा राहतो. मुलांना तिखट लागते म्हणून दही कालवून देण्याची सूचना अनेक रीलखाली असते. लिहिणारीच्या मनात द्विदल नसते, वाचणारीच्या घरी मात्र असते. शेंगदाण्यातून तेल निघते म्हणून पुष्कळ घरांत तो द्विदलात धरत नाहीत. जिथे धरतात, तिथे तिखट कमी करून साजूक तूप घालणे हा सरळ उपाय. टोमॅटो बहुबीज म्हणून वर्ज्य मानणारी घरेही आहेत, आणि तिथीला हिरवे न खाणारी तर घरोघर. त्यांच्यासाठी कोरडी शेंगाचटणी आहेच.

‘फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते’ हे वाक्य तर या मजकुरातून सरळ काढून टाकावे. ओले, शिजलेले अन्न रात्र ओलांडली की ज्यांच्या घरी बासी ठरते, त्यांना ते निरुपयोगी आहे. त्यापेक्षा प्रमाण इतके नेमके द्यावे की ताटात संपेल आणि उद्यासाठी उरणार नाही.

आता मांडणी. रीलखालचा मजकूर मोबाईलवर उघडण्याआधी पहिली एखादी ओळच दिसते. म्हणून त्या ओळीत कौतुकाची विशेषणे नकोत. वेळ आणि काय नाही, एवढेच हवे. असा मजकूर पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

टोमॅटो चटणी, १५ मिनिटे. कांदा, लसूण, आले, डाळ नाही.

साहित्य (चौघांना, एका वेळेपुरते): मध्यम टोमॅटो ४, भाजल्या दाण्याचे जाडसर कूट अर्धी वाटी, तेल २ मोठे चमचे, जिरे १ छोटा चमचा, हिंग पाव छोटा चमचा, लाल तिखट दीड छोटा चमचा, गूळ सुपारीएवढा, मीठ, कढीलिंबाची ८-१० पाने.

कृती: तेलात जिरे, कढीलिंब, हिंग. लगेच टोमॅटो व मीठ; झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परता. पाणी सुटल्यावर तिखट व गूळ. चमच्याची वाट राहू लागली की कूट. दोन मिनिटांत उतरवा. पाणी घालू नये.

वाढताना: कडक भाकरीवर कोमट चटणी पसरून दोन मिनिटे थांबा, भाकरी चवीपुरती मऊ होते. मुलांसाठी त्यांचा वाटा आधी काढून त्यात तूप घाला. डब्यात द्यायची तर पूर्ण निवल्यावर वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत; पोळीला लावून दिल्यास दुपारपर्यंत पोळी ओली होते.

शेवटच्या सूचनेतील ‘पूर्ण निवल्यावर’ हे शब्द गाळू नयेत. गरम चटणी डबीत बंद केली तर झाकणाला वाफ धरते, ते पाणी पुन्हा चटणीत उतरते आणि कढईत दहा मिनिटे आटवलेले जेवायच्या सुट्टीपर्यंत परत सैल झालेले असते. सकाळच्या घाईत थाळीत पसरून पंख्याखाली ठेवली, तर ती पाच-सात मिनिटांत निवते.