‘किती घेता?’ला उत्तर देताना

लग्नसराईत मेकअप करणाऱ्या ताईंचा फोन वाजतो आणि पहिलाच प्रश्न येतो, “ब्रायडल मेकअपचे किती घेता?” नुसता आकडा सांगितला, तर समोरची मुलगी तो वहीत टिपून पुढचा फोन लावते. टाळाटाळ केली, तर ती चिडते. म्हणून आकडा सांगायचाच, पण दोन-तीन प्रश्न विचारून.

“सांगते ना. आधी तारीख आणि मुहूर्त सांगता? त्या दिवशी मी मोकळी आहे का ते बघते.” तारीख आधीच गेली असेल, तर बोलणं तिथेच संपवावं. मोकळी असेल, तर पुढचे प्रश्न: कार्यालय कुठे आहे आणि साड्या किती बदलणार?

साड्यांचा प्रश्न महत्त्वाचा. समजा, मुहूर्त 11:20 चा आहे. गौरीहरासाठी नवरी मुहूर्ताच्या बरीच आधी पिवळी साडी नेसून तयार लागते. मेकअप, खोपा आणि नऊवारी यांना अडीच तास धरले, तर सकाळी साडेसातला बसावं लागतं. नंतर शालू आणि संध्याकाळी रिसेप्शन असेल, तर ताईंचा अख्खा दिवस त्यातच जातो.

आता आकडा: “गौरीहर आणि शालू मिळून 18,000. त्यात केस, साडी नेसवणं आणि तुमच्या कार्यालयापर्यंतचं येणं-जाणं आलं. रिसेप्शनचे 7,000 वेगळे.” एवढं बोलून थांबावं. गप्प राहणं अवघड जातं आणि घाईघाईत आपणच “पण कमी करू” म्हणून बसतो.

“जरा जास्त होतंय,” असं उत्तर आलं, तर दर न उतरवता काम कमी करावं: “रिसेप्शनला घरचं कुणी साडी नेसवणार असेल, तर मी फक्त मेकअप आणि केस करीन. त्याचे 5,500.” “दुसरीकडे दहा हजारांत करतात,” असं म्हटलं, तर त्या व्यक्तीला नावं ठेवू नयेत. “त्यात केस आणि साडी धरलीय का, एवढं विचारून घ्या,” असं म्हणणं पुरे.

“घरी विचारून सांगते” हा खरा नकार नव्हे. पैसे बहुधा आईवडील देणार असतात. “चालेल. उद्या संध्याकाळी सहापर्यंत तारीख तुमच्यासाठी ठेवते. 5,000 आगाऊ आले की पक्की करते. सगळं आत्ताच व्हॉट्सॲपवर पाठवते.” त्या मेसेजमध्ये तारीख, बसण्याची वेळ, ठिकाण, कामं, एकूण रक्कम, बाकी कधी द्यायची आणि लग्न पुढे गेलं तर आगाऊ रकमेचं काय, हे सगळं लिहावं. उद्या सहाला उत्तर नसेल, तर एकच फोन करावा आणि तारीख मोकळी करावी.

फोनवरचा होकार म्हणजे बुकिंग नव्हे. आगाऊ रक्कम जमा झाल्याशिवाय वहीत पेनने नाव लिहू नये.