दार बदलावं की नाही?

अमेरिकेत १९६३ साली ‘लेट्स मेक अ डील’ हा टीव्हीवरचा बक्षिसांचा खेळ सुरू झाला. त्याचे सूत्रसंचालक होते मॉण्टी हॉल. त्या खेळावर बेतलेलं एक कोडं आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. समोर तीन बंद दारं असतात. एकामागे मोटार, उरलेल्या दोन्हींमागे शेळ्या. तुम्ही एक दार निवडता. मोटार कुठे आहे हे ठाऊक असलेला सूत्रसंचालक बाकीच्या दोनांपैकी शेळीचंच दार उघडतो आणि विचारतो, “दार बदलायचंय का?”

१९९० साली ‘परेड’ या साप्ताहिकातल्या आपल्या सदरात मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी उत्तर दिलं : बदला, जिंकण्याची शक्यता दुप्पट होते. त्यावर हजारो पत्रं आली आणि उत्तर चूक आहे असं सांगणाऱ्यांत गणिताचे प्राध्यापकही होते. दोनच दारं उरली, म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा खेळ तीनशे वेळा खेळून पाहू. दर वेळी तुम्ही पहिलंच दार निवडता असं धरा. मोटार चिठ्ठी टाकून ठेवलेली असल्याने ती प्रत्येक दारामागे साधारण शंभर वेळा असेल. ती पहिल्या दारामागे असताना दार बदललंत तर हराल. दुसऱ्यामागे असेल तेव्हा मात्र सूत्रसंचालकाला तिसरंच दार उघडावं लागतं, कारण तुमचं दार त्याला उघडता येत नाही आणि मोटारीचंही नाही. मग बदलणारा नक्की जिंकतो. मोटार तिसऱ्यामागे असली तरी तेच घडतं. म्हणजे दार न बदलणारा शंभर वेळा जिंकतो, बदलणारा दोनशे वेळा.

आता एकच गोष्ट बदला. मोटार कुठे आहे हे सूत्रसंचालकालाही माहीत नाही, तो उरलेल्या दोनांपैकी कुठलंही दार उघडतो. तुमची निवड चुकलेल्या दोनशे डावांपैकी शंभरांत त्याच्या हातून मोटारीचंच दार उघडेल आणि ते डाव बाद होतील. शेळी दिसलेले दोनशे डाव उरले. त्यांतल्या शंभरांत मोटार तुमच्या दारामागे, शंभरांत दुसऱ्या बंद दारामागे. इथे शक्यता खरोखरच निम्मी-निम्मी होते.

दोन्ही वेळा तुम्हाला दिसतं तेच : उघडं दार आणि शेळी. फरक पडतो तो ते दार कसं निवडलं गेलं यामुळे. तुमची निवड बरोबर असेल तेव्हाच बदलण्याची संधी द्यायची, असं सूत्रसंचालकाने ठरवलं असेल, तर बदलणारा दर वेळी हरेल. प्रत्यक्ष कार्यक्रमात मॉण्टी हॉल यांच्यावर कोड्यातल्या नियमाचं बंधन नव्हतं.

म्हणून दार बदलण्याआधी नियम विचारून घ्या. सूत्रसंचालक जाणून-बुजून, दर वेळी, शेळीचंच दार उघडून बदलायची संधी देत असेल, तर बेलाशक बदला.