तीन पीपीएम म्हणजे किती मिलिग्रॅम?

मुंबईच्या सिग्नलवर कार्बन मोनॉक्साइडचा मीटर ३ पीपीएम दाखवतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे तीन भाग. आपलं तासाभराचं मानक मात्र घनमीटरला ४ मिलिग्रॅम. तुलना कशी करायची? २५ अंश सेल्सिअसला, समुद्रसपाटीच्या दाबाला कुठल्याही वायूचा एक मोल साधारण २४.४५ लिटर जागा व्यापतो. कार्बन मोनॉक्साइडचा मोल २८ ग्रॅमचा. तिनाला २८ने गुणून २४.४५ने भागलं की ३.४ मिलिग्रॅम. महाबळेश्वरला २० अंश आणि ८६५ मिलिबार दाब धरला, तर तोच मोल २८.२ लिटरपर्यंत फुगतो. तेच ३ पीपीएम तिथे जेमतेम ३ मिलिग्रॅम भरतात. २४.४५ पाठ करून सगळीकडे ठोकणारे इथेच फसतात.