दोन तारा जमिनीला टेकतात तेव्हा

वादळात झाडाची फांदी मोडते, दोन तारांवर आडवी पडते आणि खांबाच्या लोखंडी आर्मलाही टेकते. तिसरी तार मोकळीच राहते. सबस्टेशनमध्ये फीडर ट्रिप होतो आणि रिलेवर ओव्हरकरंट आणि अर्थ फॉल्ट असे दोन्ही फ्लॅग पडलेले दिसतात. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात या प्रकाराचे नाव आहे डबल लाइन टू ग्राउंड फॉल्ट. एका तारेच्या फॉल्टपेक्षा तो विरळा, पण त्याचा करंट काढण्याची रीत विद्युतशास्त्रातल्या सर्वांत सुंदर रीतींपैकी एक आहे. त्यातून निघणारे उत्तर पुष्कळदा अपेक्षेच्या उलटही असते.

अडचण अशी की, तिन्ही तारांवर सारखा भार असेल तेव्हा एका फेजचे गणित केले की तिन्हींचे होते. फॉल्ट पडताच ही सोय जाते. दोन तारांचे व्होल्टेज शून्य, तिसरीचे नाही. दोन तारांत हजारो अँपिअर, तिसरीत फॉल्टचा काहीच नाही. त्यात प्रत्येक तारेचा परिणाम उरलेल्या दोघींवर होतो, त्यामुळे समीकरणे एकमेकांत गुंततात.

हा गुंता सोडवला चार्ल्स लेगेट फोर्टेस्क्यू यांनी. जन्म १८७६ चा, कॅनडात हडसन उपसागराकाठच्या यॉर्क फॅक्टरी या फरच्या व्यापारी ठाण्यावर. पुढे नोकरी अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस कंपनीत. असमतोल पुरवठ्यावर इंडक्शन मोटर कशी चालते, याचा ते १९१३ च्या अखेरीस अभ्यास करत होते. त्यातून जे हाती लागले ते त्यांनी जून १९१८ मध्ये अटलांटिक सिटीच्या परिषदेत मांडले. तीन फेजचा कोणताही असमतोल करंट तीन समतोल संचांची बेरीज म्हणून लिहिता येतो, हा त्याचा गाभा. पहिला संच नेहमीच्या क्रमाने फिरणारा, म्हणजे पॉझिटिव्ह सिक्वेन्स. दुसरा उलट क्रमाने फिरणारा, निगेटिव्ह सिक्वेन्स. तिसऱ्यात तिन्ही फेजचे करंट एकाच वेळी एकाच दिशेला. हा झिरो सिक्वेन्स. हे तिसरे करंट एकमेकांना रद्द करत नाहीत, त्यामुळे त्यांना परतायला न्यूट्रल किंवा जमीन लागते.

लाइन आणि ट्रान्सफॉर्मर समतोल बांधणीचे असतील तर हे तीन संच एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येकाचे वेगळे नेटवर्क काढता येते. तिघांची गाठ पडते ती फक्त फॉल्टच्या जागी, आणि ती गाठ कशी बांधायची हे फॉल्टचा प्रकार ठरवतो.

आपल्या फॉल्टमध्ये आर फेज मोकळा आहे; वाय आणि बी जमिनीला टेकले आहेत. आर मधला फॉल्ट करंट शून्य, म्हणून त्याच्या तीन घटकांची बेरीजही शून्य: I₁ + I₂ + I₀ = 0. वाय आणि बी यांचे व्होल्टेज शून्य आहे. ते फोर्टेस्क्यूंच्या सूत्रात घातले की आर च्या व्होल्टेजचे तिन्ही घटक सारखे निघतात: V₁ = V₂ = V₀, प्रत्येक आरच्या व्होल्टेजचा एक तृतीयांश. आता या दोन ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात. तिन्ही नेटवर्कच्या टोकांवर व्होल्टेज एकच आहे आणि एका बिंदूवर आलेल्या त्यांच्या करंटची बेरीज शून्य आहे. हे तर पॅरलल जोडणीचे वर्णन झाले. समीकरणे सोडवायची गरजच उरत नाही. तीन चौकोन काढायचे आणि त्यांची टोके एकत्र बांधायची. एक तार जमिनीला टेकली तर हीच नेटवर्क्स सीरीजमध्ये जोडली जातात. दोन तारा जमिनीशिवाय नुसत्या एकमेकींना भिडल्या तर झिरोचे नेटवर्क बाजूला राहते आणि उरलेली दोन पॅरलल होतात.

काही दशके ही बांधणी खरोखर हाताने होत असे. १९२९ मध्ये एमआयटीत एसी नेटवर्क अॅनलायझर उभा राहिला. हे खोलीभर यंत्र म्हणजे अख्ख्या वीजजाळ्याची छोटी विद्युत प्रतिकृती होती. अशा यंत्रांवर इंजिनिअर तिन्ही सिक्वेन्सची नेटवर्क्स वेगवेगळी मांडत, फॉल्टच्या जागी ती वायरींनी जोडत आणि करंट मीटरवर वाचत. जनरल इलेक्ट्रिकमधल्या एडिथ क्लार्क यांच्या १९४३ च्या ग्रंथाने ही पद्धत पुढच्या पिढ्यांच्या हातात दिली.

आता एक उदाहरण तडीस नेऊ. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सर्वत्र दिसणारे ३३/११ केव्ही सबस्टेशन घ्या. १० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ३३ केव्हीकडे डेल्टा, ११ केव्हीकडे स्टार, स्टारचा न्यूट्रल थेट अर्थ केलेला. ट्रान्सफॉर्मरचा रिअॅक्टन्स १० टक्के धरू. ३३ केव्ही बसवरची फॉल्ट लेव्हल २०० एमव्हीए, म्हणजे १० एमव्हीएच्या बेसवर सोर्सचा रिअॅक्टन्स ०.०५ पर युनिट. या बेसवर ११ केव्हीला एक पर युनिट करंट म्हणजे साधारण ५२५ अँपिअर, ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भार.

फॉल्ट ११ केव्ही बसवरच पडला आहे असे समजू. पॉझिटिव्ह नेटवर्कमध्ये सोर्स आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही येतात, म्हणून ०.१५. निगेटिव्हचेही ०.१५. झिरोचे मात्र फक्त ०.१०, कारण झिरो सिक्वेन्सचा करंट डेल्टाच्या आत गोल फिरतो, ३३ केव्हीच्या तारांत उतरत नाही. सोर्स त्याच्या वाटेत येतच नाही. परीक्षेच्या वहीत सर्वाधिक चुका होतात त्या इथे. सवयीने सोर्सचे ०.०५ झिरोमध्येही मिळवले जातात, तिन्ही आकडे सारखे होतात आणि गणितातला सगळा जीव निघून जातो.

निगेटिव्ह आणि झिरो पॅरलल केले की ०.०६ येतात. त्यात पॉझिटिव्हचे ०.१५ मिळवून ०.२१. एक पर युनिट व्होल्टेजला याने भागले की I₁ = ४.७६. जोडणीच्या टोकांवर उरते ०.२८६ व्होल्टेज. हेच व्होल्टेज उरलेल्या दोन वाटांना मिळते: निगेटिव्हमधून १.९०, झिरोमधून २.८६, दोन्ही उलट चिन्हाचे. बेरीज शून्य होते का, हे इथेच तपासून घ्यावे.

४.७६ हा फॉल्ट करंट नव्हे, तो नुसता एक घटक आहे. वाय फेजचा करंट हवा तर तिन्ही घटक १२० अंशांच्या वळणांसह जोडावे लागतात. ते केले की ७.१९ पर युनिट, म्हणजे सुमारे ३,७७० अँपिअर येतात. बी मध्येही तितकेच. जमिनीत जाणारा करंट झिरो घटकाच्या तिप्पट: ८.५७ पर युनिट, सुमारे ४,५०० अँपिअर.

याच बसवर तिन्ही फेज एकत्र शॉर्ट झाले असते तर ३,५०० अँपिअर वाहिले असते. एकच तार जमिनीला टेकली असती तर ३,९४० च्या आसपास. म्हणजे जमिनीच्या वाटेने जाणारा सर्वांत मोठा करंट या विरळ फॉल्टचा आहे. तिन्ही फेजचा फॉल्ट सर्वांत भारी, ही समजूत इथे टिकत नाही. कारण जोडणीच्या चित्रातच दिसते: पॅरलल वाटांमध्ये ज्या वाटेचा अडथळा कमी, तिकडे करंट जास्त ओढला जातो, आणि डेल्टामुळे झिरोची वाट इथे सर्वांत सोपी झाली आहे. नियमच सांगायचा तर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह सारखे असताना झिरोचा अडथळा त्यांच्याहून कमी असेल, तर दोन तारांचा फॉल्ट जमिनीत एका तारेपेक्षा जास्त करंट सोडतो. म्हणून न्यूट्रलच्या अर्थिंग पट्टीची जाडी ठरवताना दोन्ही गणिते करावीत. एकाच तारेचे केले तर या उदाहरणात साडेपाचशे अँपिअर हिशेबाबाहेर राहतात.

पण सबस्टेशनपासून दूर गेले की चित्र पालटते. ओव्हरहेड लाइनचा झिरो सिक्वेन्स रिअॅक्टन्स पॉझिटिव्हच्या सुमारे तिप्पट असतो. पाच किलोमीटरवर फॉल्ट धरा. दर किलोमीटरला पॉझिटिव्ह ०.४ ओहम आणि झिरो १.२ ओहम. आता पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह ०.३१५ होतात आणि झिरो ०.५९६. जमिनीतला करंट उतरतो १,०४५ अँपिअरवर, आणि एका तारेच्या फॉल्टचा १,२८५ म्हणजे त्याहून जास्त. मोकळ्या आर फेजचेही तसेच. बसवर त्याचे व्होल्टेज ०.८६ पर युनिटपर्यंत घसरले होते. इथे ते १.१९ वर चढते. न्यूट्रल अर्थ केलेलाच नसता तर झिरोची वाट बंद झाली असती आणि हे व्होल्टेज दीडपट झाले असते. जमिनीत काहीच गेले नसते, फॉल्ट नुसता दोन तारांचा उरला असता. उत्तर बरोबर आहे का हे पाहण्याची ही चांगली कसोटी आहे: झिरोचा आकडा प्रचंड वाढवून पाहावा, गणित दोन तारांच्या साध्या फॉल्टवर येऊन थांबले पाहिजे.

या आकड्यांत रेझिस्टन्स सोडून दिला आहे. बसजवळ ते चालते, पण ११ केव्हीच्या बारीक तारेत रेझिस्टन्स रिअॅक्टन्सच्या तोडीचा किंवा त्याहून जास्त असतो, म्हणून खऱ्या फीडरवर आकडे आणखी खाली येतात आणि बेरजा कॉम्प्लेक्स संख्यांनीच कराव्या लागतात. फांदीचा किंवा खांबाच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स हा वेगळा मुद्दा. दोन्ही तारा एकत्र येऊन त्यातून जमिनीत जात असतील तर त्यातून झिरो घटकाच्या तिप्पट करंट वाहतो, म्हणून झिरोच्या शाखेत तो तिप्पट करून घालायचा. २ ओहमचा अडथळा तिथे ६ ओहम होतो, आणि पाच किलोमीटर लाइनचा झिरो रिअॅक्टन्सही ६ ओहमच आहे. असा अडथळा मोठा असेल तर जमिनीतला करंट खूप कमी होतो, वाय आणि बी मधला मात्र तितका होत नाही, कारण त्यांना निगेटिव्हची वाट मोकळी असते. अशा वेळी ओव्हरकरंटचा फ्लॅग पडतो आणि अर्थ फॉल्टचा पडेलच असे नाही.

हीच जोडणी आजच्या न्यूमेरिकल रिलेलाही कोड्यात टाकते. कोणत्या फेजवर फॉल्ट आहे हे ओळखायला अनेक रिले निगेटिव्ह आणि झिरो करंटमधला कोन पाहतात. आर एकटाच जमिनीला टेकला तर हे दोन करंट एका दिशेला असतात, कारण सीरीजमध्ये एकच करंट तिघांतून जातो. वाय आणि बी टेकले तरीही ते एकाच दिशेला असतात, कारण पॅरललमध्ये दोघांना एकच व्होल्टेज मिळते. कोन पाहून फरक कळत नाही. फरक आहे तो पॉझिटिव्ह करंटमध्ये: एका तारेच्या फॉल्टमध्ये तो या दोघांच्या बाजूने, दोन तारांच्या फॉल्टमध्ये विरुद्ध. पण फीडरवरचा नेहमीचा भार याच पॉझिटिव्ह करंटमध्ये मिसळलेला असतो, म्हणून त्याच्या कोनावर भिस्त ठेवता येत नाही. काही रिले त्यामुळे दोन्ही शक्यतांसाठी फॉल्टचा रेझिस्टन्स काढून पाहतात, आर जमिनीला टेकला असे धरून एकदा आणि वाय-बी भिडले असे धरून एकदा, आणि ज्याचा आकडा लहान निघतो तो फॉल्ट मानतात.