झिंगाट कितव्या मिनिटाला लावायचं?

डान्स फिटनेसच्या क्लासमध्ये गाण्यांचा क्रम बहुतेक वेळा एकाच हिशेबाने लागतो. हळू गाण्याने सुरुवात करायची, वेग वाढवत न्यायचा आणि सगळ्यात आवडतं गाणं शेवटाला ठेवायचं. कोल्हापुरात हे शेवटचं गाणं 'सैराट'मधलं 'झिंगाट' असण्याची शक्यता बरीच. २०१६ साली चित्रपट आला तेव्हापासून वरात असो की गणपती, या गाण्यावर कुणाला नाचायला शिकवावं लागत नाही. फिटनेसच्या तासात मात्र हे गाणं शेवटी लावणं चुकीचं आहे. ते का, हे समजलं की बाकीच्या गाण्यांची जागा ठरवणं सोपं जातं.

राजारामपुरीतल्या एखाद्या हॉलमधली सकाळी साडेसहाची बॅच डोळ्यांसमोर आणा. पंचविशीच्या मुलींपासून साठीच्या काकूंपर्यंत सगळ्या आहेत. काही जणी थोड्या उशिरा येतात आणि मुलांच्या डब्यासाठी सात पंचवीसलाच गाडीला किक मारतात. सात पंचवीसपर्यंत 'झिंगाट' चालू असेल, तर त्यांचं हृदय ऐन भरात धावत असतं आणि पाय एकदम थांबतात.

नाचताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा शिरांमधलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. हालचाल अचानक थांबली की हा रेटा बंद होतो आणि रक्त पायांत साचून राहतं. त्यामुळे रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या काकूंना, किंवा रिकाम्या पोटी आलेल्या मुलीला, जिन्यात चक्कर येते ती अशीच. म्हणून सगळ्यात जोरकस गाणं संपल्यावर किमान दहा-बारा मिनिटं हातात हवीत, आणि लवकर निघणाऱ्यांनाही त्यातली बरीचशी मिळायला हवीत.

दुसरी अडचण हृदयाच्या संथपणाची आहे. गाणं बदललं की पावलं लगेच बदलतात, पण हृदयाला नव्या मेहनतीशी जुळवून घ्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. तीन-चार मिनिटांचं गाणं संपत आलेलं असतं तेव्हा कुठे त्याचा पूर्ण भार जाणवू लागतो. अशी दोन जोरकस गाणी लागोपाठ लावली की दुसऱ्याचा त्रास पहिल्याच्या दुप्पट वाटतो. तीन लावली तर मागची रांग बसते.

आता जोरकस गाणं कोणतं, हा प्रश्न येतो. इथे बरेच जण फक्त ठोक्यांकडे पाहतात. मिनिटाला किती ठोके आहेत हे कळायला गाणं लावून पंधरा सेकंद ताल मोजा आणि चारने गुणा. सुरुवातीला साधारण ११० ते १२५, चढावर १३५ ते १५०, शेवटी १०० च्या खाली, असा ढोबळ आडाखा चालतो. मोबाइलवरचं ॲप कधी कधी १४० च्या गाण्याला ७० दाखवतं, म्हणून पायाने ठेका धरून खात्री करावी. आणि ठोके म्हणजे मेहनत नव्हे. १४० च्या गाण्यावर दोन ठोक्यांना एक पाऊल टाकलं तर ते चालण्याइतकं हलकं होतं. ११० च्या गाण्यावर खोल बैठका घातल्या तर मांड्या पेटतात. हात खांद्याच्या वर गेले की त्याच वेगाला हृदय जास्त पळतं. त्यामुळे यादीत प्रत्येक गाण्यापुढे ठोक्यांसोबत तीन गोष्टी लिहाव्यात: उड्या आहेत का, हात वर आहेत का, बैठक आहे का. फरशीच्या हॉलमध्ये उड्यांची दोन गाणी शेजारी ठेवू नयेत, नडगी दुखायला लागते.

मग साडेसहाच्या बॅचचा तास असा लागतो. पहिली दहा मिनिटं तीन गाणी, पाय जमिनीवर, उडी नाही. उशिरा येणाऱ्यांनाही अंग गरम करायला यातलं शेवटचं तरी मिळतं. पुढची अकरा मिनिटं तीन गाणी, चढत्या मेहनतीची. नवी कोरिओग्राफी शिकवायची ती इथेच. डोकं ताजं असतं, आणि बायका पावलं बघत उभ्या राहिल्या तरी अजून काही बिघडत नाही. तेच नवं गाणं पस्तिसाव्या मिनिटाला आणलं तर संगीत धावत राहतं आणि माणसं थंड पडतात.

एक मिनिट पाणी. मग अकरा मिनिटांचा पहिला चढ: जोरकस, हलकं, जोरकस. 'नटरंग'मधलं 'वाजले की बारा' किंवा 'चंद्रमुखी'मधलं 'चंद्रा' अशी लावणी मधल्या जागी चांगली बसते, कारण तिच्यात ठसका कमरेचा आणि नजरेचा, पाय मात्र जमिनीवर. लोकांना वाटतं आपण नाचतोच आहोत, आणि श्वास मात्र सावरतो. अशा गाण्याला नुसतं 'विश्रांती' म्हणू नका, नाहीतर हमखास गप्पा सुरू होतात.

त्यानंतर चार मिनिटं संथ ठेक्यावर बैठका, आणि पुन्हा एक मिनिट पाणी. हे झालं अडतिसावं मिनिट. एक मध्यम गाणं, आणि बेचाळिसाव्या मिनिटाला 'झिंगाट'. पावणेचार मिनिटांच्या आसपासचं गाणं शेहेचाळिसाव्या मिनिटाला संपतं, तेव्हा घड्याळात सात सोळा झालेले असतात. पुढची सात मिनिटं दोन उतरती गाणी, पहिल्यात पावलं चालू ठेवून हात खाली, दुसऱ्यात नुसतं डावं-उजवं. शेवटची सात मिनिटं 'याड लागलं'सारखी दोन संथ गाणी आणि स्नायू ताणणं. सात पंचवीसला निघणारीलाही नऊ मिनिटांचा उतार मिळतो. 'झिंगाट' झालं म्हणजे क्लास संपला, ही सवय मोडायला थोडे दिवस लागतात. उतारावरची गाणी खरोखर आवडीची निवडली तर त्या दिवसांत बॅच टिकून राहते.

क्रम बरोबर लागला की नाही, हे आरशात दिसणाऱ्या पहिल्या रांगेवरून कळत नाही. तिथे नेहमीच्या, तयारीच्या बायका असतात. मागच्या रांगेकडे पाहावं. चढावर चार शब्दांचं वाक्य धापा टाकत का होईना बोलता यायला हवं. गाण्याची अख्खी ओळ आरामात म्हणत असतील तर भार कमी आहे. एक शब्दही फुटत नसेल, किंवा वर जायचे हात छातीशीच अडत असतील, तर तिथे हलकं गाणं हवं होतं. पुढचं गाणं न बदलताही यावर उपाय निघतो: त्याच ठेक्यावर दोन ठोक्यांना एक पाऊल करून टाका, आणि ज्यांना झेपतंय त्यांना उड्या मारू द्या.

खासबागेच्या मैदानात हलगी वाजवणाराही कुस्तीकडे पाहूनच ठेका वाढवतो. पैलवान नुसते एकमेकांचा अंदाज घेत फिरत असताना तो जीव तोडून वाजवत नाही. यादी लावताना पावसाळ्याचा हिशेबही धरावा लागतो. जुलैत खिडक्या बंद आणि हवा दमट असते, घाम वाळत नाही, त्याच गाण्यांना हृदय जास्त पळतं. त्या महिन्यात पहिल्या चढातलं दुसरं जोरकस गाणं काढून त्याजागी लावणीच आणखी एक लावलेली बरी.